नवा मॉनिटर, फिके रंग: लिमिटेड आणि फुल आरजीबीच्या घोळाचं एक प्रकरण

नवीन मॉनिटर एचडीएमआयने जोडला आणि सगळंच धुतल्यासारखं दिसायला लागलं, काळा राखाडी, पांढरा मळका, लाल रंगात दम नाही, अशी तक्रार आली की लोक आधी पॅनेलला शिव्या घालतात, मग केबल बदलतात, मग मॉनिटर परत करायला निघतात. पण यातल्या कितीतरी मॉनिटरमध्ये काहीच बिघडलेलं नसतं. कॉम्प्युटर रंगाचे आकडे एका मापात पाठवतो आणि मॉनिटर ते दुसऱ्या मापात वाचतो, बस एवढंच. सेटिंग एक आहे, पण ते नीट समजून घेतलं नाही तर माणूस एक चूक दुसऱ्या चुकीने झाकत बसतो आणि नंतर काय मूळचं आणि काय आपण बिघडवलेलं तेच कळत नाही. म्हणून हे एक प्रकरण सगळं सविस्तर लिहितोय.

माझ्या मामेभावाचं, दादाचं, कराडला लग्नपत्रिका डिझाइन करून छापून द्यायचं काम आहे. त्याच्याकडे वर्षानुवर्षं जुना 19 इंची मॉनिटर होता, व्हीजीए केबलवर चालणारा, तो गेला म्हणून दादाने 24 इंची आयपीएस मॉनिटर घेतला, 1920×1080, 75 हर्ट्झचा. कॉम्प्युटर तोच, ग्राफिक कार्ड तेच, फक्त मॉनिटर नवा आणि त्याच्या खोक्यातून आलेली एचडीएमआय केबल. पहिल्याच दिवशी त्याला जाणवलं की पत्रिकेतला मरून रंग राख फासल्यासारखा दिसतोय. काळ्या अक्षरांना धार नाही. फोटोशॉप उघडलं की त्याचा गडद इंटरफेससुद्धा कळकट वाटतोय.

दुकानदाराने फोनवर सांगितलं की आयपीएस पॅनेलवर काळा असाच दिसतो, सवय होईल. हे अर्धवट खरं आहे. आयपीएसचा काळा खरंच ओएलईडीसारखा गडद नसतो, अंधारात कोपऱ्यांत थोडी चमक दिसते. पण त्याने भर दुपारी, उजेडात, समोरून बघताना लाल रंग फिका पडत नाही. काळा थोडा उजळ असणं वेगळं आणि काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत सगळीच चढण आक्रसणं वेगळं.

दादाने मग ब्राइटनेस 90 वरून 30 वर आणला. सगळं अंधुक झालं पण काळा तरीही राखाडीच राहिला, कारण मॉनिटरचा ब्राइटनेस म्हणजे मागच्या बॅकलाइटचा उजेड, तो कमी केला की काळा आणि पांढरा दोन्ही एकाच प्रमाणात खाली येतात, दोघांतलं गुणोत्तर तेवढंच राहतं. कॉन्ट्रास्ट वाढवला तर वरचे फिकट शेड एकमेकांत मिसळायला लागले. महागातली एचडीएमआय केबल आणली, काडीचा फरक नाही, आणि पडणारही नव्हता. ही डिजिटल केबल आहे, ती खराब असेल तर पडद्यावर ठिपके चमकतात, चित्र मध्येच जातं, काळी स्क्रीन येते. रंग सगळीकडे सारखेच फिके करणं हे केबलच्या हातात नाही.

मी गेलो तेव्हा सगळ्यात आधी एक साधी गोष्ट केली, आणि ही कुणालाही करता येते, काही इन्स्टॉल करावं लागत नाही. पेंटमध्ये पूर्ण काळं चित्र बनवलं, आरजीबी 0,0,0, ते फुल स्क्रीन उघडलं आणि त्याच्यावर मॉनिटरच्या खालच्या बटणाने मॉनिटरचा स्वतःचा मेनू आणला. त्या मेनूची पार्श्वभूमी काळी होती. आता बघा, मेनूचा काळा आणि मागचा काळा शेजारी शेजारी, त्याच पॅनेलवर, त्याच बॅकलाइटवर. मेनूचा काळा खरोखर काळा दिसत होता, कडेच्या फ्रेमशी जवळपास मिळून जाणारा, आणि त्याच्या चारी बाजूंना पसरलेलं आपलं 0,0,0 चक्क राखाडी. मेनू मॉनिटर स्वतः आतल्या आत काढतो, तो केबलमधून येत नाही. म्हणजे पॅनेल गडद काळा दाखवू शकतं हे तिथेच सिद्ध झालं, आणि दोष पॅनेलच्या अलीकडे आहे हे पण. काही मॉनिटरचा मेनू मुद्दाम राखाडी रंगाचा असतो, तिथे ही तुलना चालत नाही, तेव्हा मॉनिटर केबल काढल्यावर जो काळा पडदा आणि "नो सिग्नल"ची पाटी दाखवतो तो काळा बघायचा.

दुसरी गोष्ट, स्क्रीनशॉट. त्याच मरून पत्रिकेचा स्क्रीनशॉट काढून फोनवर पाठवला तर फोनवर रंग एकदम बरोबर. स्क्रीनशॉट कॉम्प्युटरच्या मेमरीतलं चित्र घेतो, केबलवर चढायच्या आधीचं. तिथपर्यंत रंग ठीक आहेत. म्हणजे गडबड कार्डातून बाहेर पडताना आणि मॉनिटरने आत घेताना, या दोन टोकांच्या मध्येच कुठेतरी आहे.

आणि तिसरा धागा दादाने स्वतःच दिला, बोलता बोलता. "अरे, पोराने परवा गेमसाठी 75 हर्ट्झ केलं होतं ना, तेव्हा मस्त दिसत होतं बघ. मी परत 60 केलं, परत तसंच झालं. मला वाटलं माझे डोळेच दमलेत." त्याने हे असंच सांगितलं, पण मला तिथे उत्तर मिळालं. रिफ्रेश रेट बदलल्यावर रंग सुधारायचं दुसरं काही सरळ कारण नसतं. का ते सांगतो, कारण या प्रकरणाचं मूळ तिथेच आहे.

कॉम्प्युटरमध्ये आठ बिटचा रंग म्हणजे लाल, हिरवा, निळा प्रत्येकी 0 ते 255. 0 म्हणजे काहीच नाही, 255 म्हणजे पूर्ण. याला फुल रेंज म्हणतात. टीव्ही आणि व्हिडिओच्या जगात मात्र काळा 16 वर आणि पांढरा 235 वर ठेवायची पद्धत आहे, ती लिमिटेड रेंज. ही 1982 च्या बीटी 601 या डिजिटल स्टुडिओ व्हिडिओच्या मानकापासूनची पद्धत आहे. तेव्हा सिग्नल ॲनालॉग यंत्रांतून ये-जा करायचा, फिल्टरमधून जाताना तो काळ्याच्या खाली आणि पांढऱ्याच्या वर जरासा उसळायचा, त्या उसळीसाठी खाली आणि वर जागा मोकळी सोडलेली. आज ती गरज फारशी नाही, पण सगळा व्हिडिओ अजून त्याच मापात बनतो.

एचडीएमआय हे मुळात टीव्हीसाठी आलं, त्यामुळे त्याने टीव्हीचे नियम घेतले. सीटीए 861 नावाचं मानक आहे, आधी त्याला सीईए 861 म्हणायचे, त्यात व्हिडिओच्या ठरावीक मोडची यादी आहे. 1920×1080 हे 60 हर्ट्झला त्या यादीत आहे. नियम असा की यादीतला टीव्हीचा मोड असेल तर आरजीबीसाठी न सांगता लिमिटेड धरायचं, अपवाद फक्त 640×480 चा, आणि कॉम्प्युटरचा मोड असेल तर फुल धरायचं. आता आपला कॉम्प्युटर मॉनिटर 1080p आणि 60 हर्ट्झवर चालतोय, म्हणजे कार्डाच्या नजरेत समोर टीव्ही आहे. कार्ड नियमाप्रमाणे लिमिटेड पाठवतं. 1080p आणि 75 हर्ट्झ मात्र त्या यादीत नाहीच, तो कॉम्प्युटरचा मोड ठरतो, आणि कार्ड निमूटपणे फुल पाठवायला लागतं. पोराने 75 केलं तेव्हा नेमकं हेच झालं.

कार्ड लिमिटेड पाठवतंय यात स्वतःहून काही वाईट नाही. मॉनिटरने ते लिमिटेड आहे हे ओळखून 16 ला काळा आणि 235 ला पांढरा धरलं असतं तर दादाला काहीच कळलं नसतं. चित्रासोबत एव्हीआय इन्फोफ्रेम नावाचं छोटं पाकीट जातं, त्यात रेंज कुठली आहे हे सांगायची सोय पण आहे, आणि मॉनिटर आपल्या ईडीआयडीमध्ये, म्हणजे तो कॉम्प्युटरला स्वतःची जी माहिती देतो त्यात, मला ही सूचना समजते असं लिहू शकतो. पण बरेच मॉनिटर हे काही बघतच नाहीत. ते येईल ते 0 ते 255 आहे असं धरून चालतात, कारण मॉनिटर बनवणाऱ्याच्या डोक्यात समोर कॉम्प्युटरच असतो. एका टोकाला टीव्हीचा नियम, दुसऱ्या टोकाला कॉम्प्युटरचा, आणि मध्ये दादाचा मरून रंग.

जुन्या मॉनिटरला हा त्रास का नव्हता तेही यातच आलं. व्हीजीए ॲनालॉग आहे, तिथे आकडे जातच नाहीत, व्होल्टेज जातं, त्यामुळे रेंजचा प्रश्न उद्भवत नाही. डीव्हीआयवर पण कार्ड समोर कॉम्प्युटर मॉनिटर धरून फुलच पाठवतं. म्हणून जुना फुकट्या मॉनिटर चांगला आणि नवा महागाचा वाईट असं वाटतं.

आता आकड्यांत बघू काय होतं, कारण "फिका" म्हणजे किती फिका हे कळलं की विश्वास बसतो. कार्ड प्रत्येक आकडा असा दाबतं:

```
बाहेर = 16 + आत × 219 / 255
```

काळा 0 चा 16 होतो, पांढरा 255 चा 235. दादाच्या पत्रिकेतला मरून होता 128, 0, 32. तो केबलवर जातो 126, 16, 43 होऊन. लाल जवळपास तेवढाच राहिला, पण हिरवा शून्यावरून 16 वर गेला आणि निळा 32 वरून 43 वर. लालमध्ये नको ते हिरवं-निळं मिसळलं म्हणजे राखाडीच मिसळलं, म्हणून राख फासल्यासारखा दिसत होता, ती उपमा अगदी अचूक होती. मधला राखाडी 128 चा 126 होतो, तिथे फरक डोळ्याला दिसतच नाही, आणि म्हणूनच माणूस गोंधळतो, चेहऱ्यांचे मधले टोन ठीक वाटतात, बिघाड दोन्ही टोकांना असतो.

कॉन्ट्रास्टचा हिशोब तर धक्कादायक आहे. मॉनिटरवर 1000:1 लिहिलं होतं, साध्या आयपीएसला तेवढंच असतं. गॅमा, म्हणजे आकड्यावरून उजेड किती निघतो ते ठरवणारा घात, 2.2 धरला तर 16 या आकड्याला पांढऱ्याच्या साधारण 0.23 टक्के उजेड निघतो. ऐकायला किरकोळ, पण या पॅनेलचा खरा काळाच 0.1 टक्का आहे, म्हणजे काळा तिपटीहून जास्त उजळ झाला. वर पांढरा 235 वर अडकल्याने 84 टक्क्यांच्या आसपास उरला. भागाकार केला की 1000:1 चा मॉनिटर साधारण 250:1 वर येतो. तीन चतुर्थांश कॉन्ट्रास्ट गेला, आणि तोही पॅनेलमध्ये काही बिघाड नसताना.

तर दुरुस्ती. दादाच्या मशीनवर NVIDIA कार्ड आहे, म्हणून तिथला रस्ता सांगतो. डेस्कटॉपवर राइट क्लिक, `NVIDIA Control Panel`, डावीकडे `Display` खाली `Change resolution`. इथे उघडल्याबरोबर एक गोष्ट दिसली, रिझोल्यूशनच्या यादीचे दोन भाग होते, वर `Ultra HD, HD, SD` आणि खाली `PC`. 60 हर्ट्झवालं निवडलेलं रिझोल्यूशन वरच्या भागातलं होतं, `1080p, 1920 x 1080`. कार्ड याला टीव्ही समजतंय याचा लेखी पुरावाच. त्याखाली रंगाच्या सेटिंगमध्ये `Use default color settings` निवडलेलं, आणि `Output dynamic range` च्या रकान्यात करडं झालेलं `Limited`.

`Use NVIDIA color settings` निवडलं की ते रकाने बदलता येतात. `Output color format` मध्ये `RGB` आहे ना ते आधी बघायचं, मग `Output dynamic range` मध्ये `Full`, आणि `Apply`. इथे एक जागा अशी आहे जिथे लोक अडकतात: कलर फॉरमॅट YCbCr, म्हणजे उजेड आणि रंग वेगवेगळे पाठवणारा व्हिडिओचा फॉरमॅट, असेल तर डायनॅमिक रेंजमध्ये `Full` दिसतच नाही, फक्त `Limited` दिसतं, आणि माणूस म्हणतो माझ्या कार्डात ही सोयच नाही. आधी फॉरमॅट आरजीबी करा, मग येईल.

`Apply` केल्यावर स्क्रीन क्षणभर गेली आणि परत आली तेव्हा दादा नुसता "आईशप्पथ" म्हणाला. आम्ही ते काळं चित्र मागे ठेवूनच बदल केला होता आणि मॉनिटरचा मेनू परत आणला, आता मेनूचा काळा आणि मागचा काळा यांत सीमारेषा सापडत नव्हती. 60 हर्ट्झ तसाच, केबल तीच, ब्राइटनेस तोच.

दुरुस्ती झाली असं डोळ्यांनी ठरवू नका मात्र, कारण फिक्यातून एकदम गडद बघितलं की सगळंच भारी वाटतं, जास्त गडद झालं असलं तरी. म्हणून त्याच पेंटच्या काळ्या चित्रात छोटे चौकोन काढून ठेवले, 5, 10, 16, 25 असे राखाडीचे, आणि दुसऱ्या पांढऱ्या चित्रावर 230, 240, 250 चे. रेंज बरोबर जुळली असेल तर काळा पूर्ण काळा आणि तरीही 10 चा चौकोन नीट बघितल्यावर सापडतो, 5 चा खोली अंधारी असेल तर जेमतेम. वर 250 चा चौकोन पांढऱ्यापासून अगदी किंचित वेगळा दिसतो. आधीच्या फिक्या अवस्थेत हे सगळे चौकोन दिसत होतेच, पण पार्श्वभूमीच राखाडी होती. म्हणजे नुसते चौकोन दिसतात का हे बघून चालत नाही, काळा काळा आहे का हे पण सोबत बघायचं.

ही परीक्षा लगेच कामाला आली. दोन दिवसांनी दादाचा फोन, म्हणे आता पैठणीच्या फोटोत काळ्या पदरावरचे काठच दिसेनात. झालं असं की त्याने कुठल्यातरी व्हिडिओत बघून मॉनिटरच्या मेनूतलं ब्लॅक लेव्हलचं सेटिंग पण बदललं होतं, `Low` केलं होतं, की अजून छान होईल. त्याच्या मॉनिटरवर `Low` म्हणजे येणारा सिग्नल 16 ते 235 आहे असं समज. आता कार्ड फुल पाठवतंय आणि मॉनिटर लिमिटेड समजतोय, नेमकी उलटी चूक. 16 पर्यंतचं सगळं काळ्यात बुडालं आणि 235 च्या वरचं सगळं पांढऱ्यात. चौकोनांचं चित्र उघडायला लावलं, तर 5, 10, 16 तिन्ही गायब आणि पांढऱ्यावरचे 240, 250 पण गायब. सेटिंग परत `Normal` केलं आणि काठ आले.

ही उलटी चूक मला पहिल्यापेक्षा जास्त वाईट वाटते, कारण ती दिसायला छान दिसते. रंग ठसठशीत, काळा गडद, कॉन्ट्रास्ट भरपूर. फिक्या पडद्याबद्दल माणूस तक्रार तरी करतो, या पडद्यावर खूश होऊन काम करत राहतो आणि सावलीतला सगळा तपशील हरवलेला असतो. त्यामुळे एकच टोक बदलायचं. कार्डाच्या बाजूने फुल केलं तर मॉनिटरला हात लावायचा नाही. कार्डाच्या बाजूने काही करता येत नसेल, म्हणजे सेट टॉप बॉक्स वगैरे जोडलेला असेल, तरच मॉनिटरच्या मेनूत जाऊन त्याला लिमिटेड समजायला लावायचं. मॉनिटरमध्ये या सेटिंगचं नाव कंपनीगणिक वेगळं असतं, कुठे `HDMI Black Level`, कुठे `RGB Range`, कुठे `RGB PC Range`, आणि डिस्प्लेपोर्ट किंवा व्हीजीएवर असाल तर ते करडं पडलेलं असतं. लो, नॉर्मल, हाय या शब्दांवर विसंबू नका, चौकोन बघून ठरवा.

टीव्हीलाच मॉनिटर म्हणून वापरणाऱ्यांसाठी एक वेगळं सांगायला हवं. तिथे लिमिटेड हे बहुतेक वेळा ठीकच असतं, कारण टीव्ही तेच धरून बसलेला असतो. फुल म्हणजे चांगलं आणि लिमिटेड म्हणजे हलकं असं काही नाही, दोन्ही टोकं एकच बोलतायत ना एवढंच बघायचं. कॉम्प्युटर मॉनिटरला मात्र मी दोन्हीकडे फुलच ठेवतो, कारण लिमिटेडमध्ये 256 पायऱ्यांच्या 220 होतात, शेजारशेजारच्या काही पायऱ्या एक होऊन जातात, आणि पत्रिकेच्या मागे जो सावकाश उतरत जाणारा ग्रेडियंट असतो त्यात पट्टे दिसू शकतात.

दुसऱ्या कार्डांवर हेच सेटिंग वेगळ्या नावाने आहे. AMD च्या सॉफ्टवेअरमध्ये डिस्प्लेच्या पानावर `Pixel Format` असतं, त्यात `RGB 4:4:4 Pixel Format PC Standard (Full RGB)` निवडायचं, जे `Studio (Limited RGB)` लिहिलेलं आहे ते नाही. इंटेलच्या ग्राफिक्स सॉफ्टवेअरमध्ये `Quantization Range` शोधा. लिनक्सवर इंटेल ग्राफिक्स आणि एक्स11 असेल तर एक ओळ पुरते, फक्त आधी नुसतं `xrandr` चालवून आपल्या पोर्टचं नाव काय आहे ते बघून घ्या:

```
xrandr --output HDMI-1 --set "Broadcast RGB" "Full"
```

हे रीस्टार्ट केल्यावर जातं, त्यामुळे लॉगिनच्या वेळी आपोआप चालेल असं ठेवावं लागतं. लॅपटॉपवाल्यांनी एक लक्षात घ्या, दोन ग्राफिक्स असलेल्या लॅपटॉपात एचडीएमआयचं भोक कधी कधी इंटेल किंवा AMD च्या आतल्या ग्राफिक्सला जोडलेलं असतं, तेव्हा NVIDIA च्या पॅनेलमध्ये डिस्प्लेचा भागच दिसत नाही. मग ज्याच्याकडे तो पोर्ट आहे त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये जायचं.

सगळं फिकं म्हणजे रेंजच असं मात्र समजू नका. विंडोजमध्ये एचडीआर चालू राहिलेलं असेल आणि मॉनिटर नावापुरताच एचडीआर असेल तरी डेस्कटॉप असाच फिका दिसतो, ते `Win + Alt + B` दाबून बंद करून बघता येतं. मान हलवल्यावर रंग बदलत असतील तर ते पॅनेलच्या कोनाचं आहे. रंगीत अक्षरांच्या कडा, खासकरून लाल-निळ्या, फिसकटलेल्या दिसत असतील तर तो क्रोमा, म्हणजे रंगाची माहिती, कमी झाल्याचा, 4:2:2 किंवा 4:2:0 चा प्रकार आहे, तिथे कलर फॉरमॅट आरजीबी केल्यावर सुटतं. रेंजच्या घोळात रंगाची झाक बदलत नाही, पांढरा पिवळा किंवा निळा होत नाही, फक्त दोन्ही टोकं आत ओढली जातात.

दादाकडे अजून एक भानगड उरली होती. तो पत्रिकेसोबत व्हॉट्सॲपवर पाठवायला व्हिडिओ पण बनवतो. डेस्कटॉप झकास झाल्यावर त्याला दिसलं की ब्राउझरमध्ये तो व्हिडिओ ठीक, पण त्याच्या नेहमीच्या प्लेअरमध्ये अजून फिका. हे वेगळं सेटिंग आहे. व्हिडिओ फाइलच्या आत 16 ते 235 च असतं, आणि ते 0 ते 255 ला ताणायचं काम एकदा, फक्त एकदाच, प्लेअरने किंवा ड्रायव्हरने करायचं असतं. त्याच्या प्लेअरने ते ड्रायव्हरवर सोडलं होतं आणि ड्रायव्हर करत नव्हता. त्याच पॅनेलमध्ये `Adjust video color settings`, तिथे `With the NVIDIA settings`, `Advanced` टॅबमध्ये `Dynamic range` हे `Full (0-255)` केलं आणि तेही सुटलं. डेस्कटॉप बरोबर आणि फक्त व्हिडिओ फिका असेल तर मॉनिटरच्या सेटिंगला अजिबात हात लावू नका, नाहीतर व्हिडिओ सुधारेल आणि बाकी सगळं बुडेल.

खरं नुकसान मात्र पडद्यावर नव्हतं, फाइलींमध्ये होतं. ज्या काळात पडदा फिका होता तेव्हा दादाने डोळ्याला बरं दिसावं म्हणून प्रत्येक पत्रिकेत सॅच्युरेशन वाढवलं होतं आणि लेव्हल्समध्ये काळा ओढून खाली आणला होता. छापून आल्या तेव्हा मरून जवळपास काळपट आणि गणपतीचा शेंदरी अंगावर येणारा, गिऱ्हाईक म्हणालं दादा हा आमचा रंग नाही, आणि दादाला वाटलं छपाईची शाई बदलली. प्रिंटर बिचारा फाइलमध्ये होतं तेच छापत होता. मग आम्ही त्या दिवसांतल्या फाइली तारखेप्रमाणे लावून काढल्या. जिथे त्याने ॲडजस्टमेंट लेयर वापरले होते तिथे ते नुसते बंद केले आणि रंग परत मिळाले. जिथे सरळ चित्रावरच बदल करून सेव्ह केलं होतं तिथे दबून गेलेला काळा काही परत येत नाही, त्या मूळ फोटोंवरून पुन्हा बांधाव्या लागल्या. त्या काळात कुणी कॅलिब्रेशनचं यंत्र लावून मॉनिटरचं प्रोफाइल बनवलं असेल तर तेही टाकून द्यायचं आणि रेंज नीट झाल्यावर नव्याने बनवायचं, कारण ते प्रोफाइल दाबलेल्या सिग्नलवर मोजलेलं असतं.

ड्रायव्हर अपडेट झाला, केबल दुसऱ्या पोर्टला लावली किंवा कुणी रिफ्रेश रेट बदलला की हे सेटिंग गुपचूप मूळ जागी जाऊ शकतं, आणि फिकेपणा हळूहळू डोळ्यांना सवयीचा होतो म्हणून ते लवकर लक्षात येत नाही. दादाच्या डेस्कटॉपवर ते चौकोनांचं चित्र आता कायमचं आहे, मोठी ऑर्डर छपाईला पाठवायच्या आधी तो ते एकदा उघडून बघतो. नंतर मॉनिटरला डिस्प्लेपोर्टने जोडून बघितलं तेव्हा कार्डाने काही न सांगता फुलच पाठवलं, बऱ्याचदा तसंच होतं, त्यामुळे दोन्हीकडे डीपी असेल तर सरळ ती केबल घ्या.